ओल्ड, स्क्रॅच

पॅकिंगवाल्यांचा सुपरवायझर यादी करत होता. मांडीवर कार्बन घातलेलं पावतीपुस्तक, कानामागे एक जादाचं पेन. एकेका वस्तूला नंबराचा स्टिकर चिकटवायचा, मग यादीत तो नंबर, पुढे वस्तूचं नाव आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा सगळ्यांना एकच. सोफा : ओल्ड, स्क्रॅच. फ्रीज : ओल्ड, स्क्रॅच. देव्हारासुद्धा ओल्ड, स्क्रॅच. हात इतका सराईत की वस्तूकडे मान वर करून बघायचीही त्याला गरज वाटत नव्हती. आई बाजूच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिच्या आरशाच्या लोखंडी कपाटाचा नंबर आला तेव्हा तिनं विचारलं, "का रे बापू, या कपाटावर कुठं दिसला तुला ओरखडा?" तो हसला. "काकू, ते तसंच लिहा लागते. फॉर्म्यालिटी आहे."

ती फॉर्म्यालिटी नव्हती, हे मला त्याआधीच्या दोन महिन्यांत कळलेलं होतं. पण आईला लागलं ते वेगळ्याच कारणानं. चाळीस वर्षांचा संसार एका माणसानं तासाभरात 'ओल्ड, स्क्रॅच' करून टाकला होता, आणि त्याच्याकडे त्यासाठी छापील रकाना होता.

नागपूरचं घर विकायचं ठरलं आणि सामान पुण्याला आणायचं काम माझ्याकडे आलं. दादा बंगळुरूला, म्हणून फोनवरून सूचना त्याच्या आणि धावपळ माझी, अशी वाटणी आपोआप झाली. त्याचं पहिलं म्हणणं असं की मे महिन्याच्या शेवटी उरकून टाकू, सुट्ट्या आहेत. अडचण अशी की सुट्ट्या सगळ्यांनाच असतात. शाळा संपली की बदलीवाले निघतात, नवीन वर्षाची ॲडमिशन झालेले निघतात, भाडेकरार महिनाअखेरीला संपतात म्हणून भाडेकरू निघतात, आणि हे सगळे मिळून मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारवरच झडप घालतात. पॅकिंगची माणसं तेवढीच, गाड्याही तेवढ्याच. आम्हाला त्या आठवड्यासाठी चोपन्न हजारांचा दर आला, तोही 'आज ॲडव्हान्स टाका, उद्याचं सांगता येत नाही' या धमकीसकट. मार्चअखेर तर आणखी वाईट. तेव्हा कारखान्यांना वर्ष संपायच्या आत माल बाहेर काढायचा असतो, आणि घरसामान नेणारी गाडी आणि सिमेंटच्या शीटा नेणारी गाडी बऱ्याचदा एकच असते.

मी त्याच माणसाला विचारलं, जुलैच्या मध्यात, मंगळवार-बुधवार धरून किती? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "आषाढात? एकोणचाळीस घ्या." चोपन्नाचे एकोणचाळीस. आषाढात आपल्याकडे कुणी नव्या घरात राहायला जात नाही, आणि पुढे चातुर्मास आणि पितृपक्ष आहेतच. म्हणजे ज्या दिवसांना पंचांग नको म्हणतं, त्या दिवसांत गोडाऊनमधली पोरं पत्ते खेळत असतात. आईला हे सांगायची मला भीती होती, पण तिनं वाद काढला नाही. तिचा हिशोब सरळ होता. पुण्याचं घर माझं, ते काही नवं नाही, ती लेकीकडे येतेय, यात गृहप्रवेश कसला. पंधरा हजारांचा फरक ऐकल्यावर मुहूर्ताचं शास्त्र तिनं कुठून इतक्या चटकन काढलं, देव जाणे.

स्वस्त महिन्याची एक किंमत असते, ती म्हणजे पाऊस. उघड्या ट्रकवर ताडपत्री बांधून नेतात, आणि ताडपत्रीचं आयुष्य तिच्या भोकांवरून कळतं. गाडी बंद बॉडीची, म्हणजे कंटेनर, पाहिजे असं मी लेखी घेतलं. त्याचे त्यानं वेगळे पैसे मागितले नाहीत, कारण पुण्या-मुंबईहून नागपूरला पार्सलचा माल घेऊन येणाऱ्या बंद गाड्यांना परतीचा माल हवाच असतो. रिकामी गाडी परत नेण्यापेक्षा आमची भांडीकुंडी बरी. दर उतरण्यामागे आषाढ जितका होता तितकीच ही परतीची गाडीही होती, असं नंतर ड्रायव्हरशी बोलताना कळलं. म्हणून तारखेत दोनचार दिवसांची ढील ठेवता आली तर ठेवावी. 'अमुक तारखेलाच' म्हणणारा पूर्ण गाडीचं भाडं देतो. 'या आठवड्यात कधीही' म्हणणाऱ्याला परतीची गाडी मिळू शकते.

आता माणसं निवडण्याचं. मी भाबडेपणानं एका वेबसाइटवर नंबर टाकला आणि पाच मिनिटांत फोन तापला. एकामागून एक. प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीच्या नावासारखं, मध्येच एखादं अक्षर वाढवलेलं, शेवटी 'इंडिया' किंवा 'एक्सप्रेस' जोडलेलं. त्यातले निम्मे स्वतः काही हलवत नाहीत. तुमची चौकशी दुसऱ्याला विकतात, तो तिसऱ्याला देतो, आणि दारात येतो तो चौथाच. हे ओळखायला मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, जीएसटी नंबर. पंधरा आकडी-अक्षरी नंबर मागायचा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून त्यामागचं कायदेशीर नाव बघायचं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला 27. 'आमचं हेड ऑफिस वर्धा रोडला' म्हणणाऱ्या एकाचा नंबर दुसऱ्याच राज्याचा निघाला, आणि दुसऱ्या एकाच्या नंबरामागे कापडाचं दुकान होतं. दुसरा प्रश्न त्याहून साधा : बिल्टी कुणाच्या नावानं फाटणार? माल घेतल्याची जी पावती, जिला काही जण एलआर म्हणतात, ती ज्याच्या नावाची तोच तुमच्या सामानाला कायद्यानं बांधील. दर देणारा एक आणि बिल्टी देणारा दुसरा असेल, तर गोड बोलणाऱ्याला काही झालं तरी तुम्ही पकडू शकत नाही.

शेवटी आम्ही ज्यांना काम दिलं ते सगळ्यात स्वस्त नव्हते. त्यांचा माणूस घर बघायला आला तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यानं शिडी मागितली आणि माळ्यावर डोकावला. बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर हॉल, बेडरूम, किचन बघून आकडा सांगितला होता. माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या, पितळी घंगाळ, वाळ्याचा कूलर, दादाच्या कॅरमबोर्डापासून बाबांच्या रेडिओच्या खोक्यापर्यंत एक स्वतंत्र संसार होता. ते न बघता चौदा फुटी गाडी सांगणाऱ्याचा दर स्वस्तच असणार. चौदा फुटी बॉडीत भिंतीला भिंत लावून भरलं तरी पाचशे घनफुटांच्या आसपास बसतं, सतरा फुटीत सातशेच्या. सामान मावलं नाही की मग दारात गाडी उभी असताना, लिफ्टसमोर खोक्यांचा ढीग असताना खरी घासाघीस सुरू होते, आणि त्या वेळी तुमच्या हातात काहीच नसतं. माळा बघणाऱ्यानं सतरा फुटी सांगितली, आणि पाटा-वरवंट्याकडे बघून म्हणाला, "ताई, हा घेऊनच जायचा आहे का?" घेऊनच जायचा होता.

एक दिवस वेळ काढून मी वाडीला त्यांच्या गोडाऊनवर गेले. अमरावती रोडवर नागपूर संपता संपता ट्रान्सपोर्टवाल्यांची गर्दी सुरू होते. डिझेलचा वास, चहाच्या टपऱ्या, सावलीला आडवे झालेले क्लीनर. पत्ता खरा आहे एवढंच बघायचं होतं. आत फोमच्या गुंडाळ्या, खोक्यांचे चपटे गठ्ठे आणि कुणाचं तरी अर्धं सामान एका कोपऱ्यात पडलेलं. "हे कुणाचं?" म्हटलं. "पार्ट लोड आहे. दुसरी पार्टी भेटली की निघते." मग मी आमची गाडी पूर्ण आमचीच राहील, वाटेत सामान दुसऱ्या गाडीत टाकणार नाही, हेही लिहून घेतलं. सामान फुटतं ते हायवेवर कमी आणि या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकण्यात जास्त. रात्री, घाईत, ज्यांनी पॅक केलं नाही अशा हातांनी.

दरपत्रकांचा एक वेगळाच आनंद असतो. एकाच्या छापील कागदावर अजून 'जकात' अशी ओळ होती, बहुधा वडिलांच्या काळातला फॉर्म. दुसऱ्यानं 'ई-वे बिल चार्ज' म्हणून दीड हजार लावले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, त्याला नियमातच सूट आहे. सोबत बिल्टी, सामानाची यादी आणि ओळखपत्राची प्रत असली की पुरतं. हे म्हटल्यावर त्यानं 'बरं, ते काढून टाकू' असं इतक्या सहज म्हटलं की बाकीच्या ओळींवरचाही माझा विश्वास उडाला.

आणि मग ती ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. प्रत्येक दरपत्रकात खाली असायचीच : 'इन्शुरन्स, तीन टक्के'. कुठे एफओव्ही असं लिहिलेलं, कुठे नुसतं रिस्क चार्जेस. सामानाची किंमत तुम्ही सांगायची आणि तिच्यावर तीन टक्के. दादाचा सल्ला असा की किंमत दीड लाख सांग, साडेचार हजारांत भागेल. 'जुनंच तर आहे सगळं.' म्हणजे सुपरवायझर जे नंतर करणार होता तेच दादा बंगळुरूहून करत होता.

बाबांचे एक मित्र विमा एजंट होते, आता निवृत्त. मी त्यांना दरपत्रक वाचून दाखवलं. काका म्हणाले, "हे तीन टक्के भरलेस की तुला कागद कोणता मिळणार, ते आधी विचार." विचारलं. पलीकडून उत्तर, "बिलावर लिहून देऊ ना मॅडम." मग काकांनी समजावलं. विमा विकायचा अधिकार विमा कंपनीला. वाहतूकदार स्वतः विमा देऊ शकत नाही. काही मोठ्या वाहतूकदारांकडे विमा कंपनीची खुली पॉलिसी असते, त्याखाली ते तुमच्या नावानं प्रमाणपत्र काढून देतात. त्यावर विमा कंपनीचं नाव, नंबर, गाडी, कुठून कुठे, रक्कम, सगळं असतं. तसा कागद गाडी हलायच्या आधी हातात आला तर तो विमा. नुसती बिलावरची ओळ असेल, तर तुम्ही पैसे दिलेत ते वाहतूकदारानं स्वतःवर जास्त जबाबदारी घेण्याचे. ते बेकायदा मुळीच नाही, कायदाच तशी सोय देतो. फक्त उद्या ट्रक जळाला तर ती जबाबदारी त्याच्या खिशाएवढीच मोठी. वाडीच्या त्या गोडाऊनमध्ये टेबल एक आणि खुर्च्या दोन होत्या.

तीन टक्के नाही भरले तर काय, हा पुढचा प्रश्न. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे आणि 2011 चे नियम. त्यांचा आपल्यापुरता अर्थ असा, की माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदार जबाबदार, पण भाड्याच्या दहापटीपर्यंत. आणि तुम्ही सांगितलेल्या किमतीच्या वर कधीच नाही. आमच्या एकोणचाळीस हजारांत निव्वळ गाडीभाडं तेवीस हजार होतं, बाकी पॅकिंग आणि चढ-उतार. म्हणजे मर्यादा दोन लाख तीस हजार. दादाच्या सल्ल्यानं दीड लाख किंमत लिहिली असती तर तीच मर्यादा दीड लाखावर आली असती. रकाना रिकामा सोडून देतात कित्येक जण, किंवा बिल्टी न घेताच गाडी सोडतात. मग भांडायला आकडाच उरत नाही. आणि भांडायचं तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, नंतर दावाच करता येत नाही. फोनवरचे 'बघतो मॅडम, कळवतो मॅडम' हे सहा महिने सहज खातात.

मग मी एका रविवारी सामानाची किंमत काढायला बसले. हे काम कुणी कुणाच्या आईसमोर बसून करू नये. विम्याला लागते ती आजच्या बाजारात त्या वापरलेल्या वस्तूची किंमत. फ्रीज चौदा हजार धरला, टीव्ही सोळा, सागवानी पलंग पंचवीस. आई मान हलवत होती. घंगाळाला काय लावू, म्हटलं. "ते माझ्या सासूबाईंचं आहे." बरोबर, पण किती लावू? शेवटी पितळेच्या मोडीच्या भावानं लावलं आणि तिच्याकडे न बघता पुढचं लिहिलं. बाबांच्या पुस्तकांना रद्दीपेक्षा जरा जास्त. असं करत बेरीज तीन लाख ऐंशी हजारांवर आली. बाहेरून बघणाऱ्याला जास्त वाटेल, आईला अपमानास्पद वाटली.

ही बेरीज खरी असणं का महत्त्वाचं, ते काकांनी एका उदाहरणात सांगितलं. सामान तीन लाख ऐंशीचं आणि तू विमा उतरवलास एक लाख नव्वदचा, म्हणजे निम्म्याचा. वाटेत चाळीस हजारांचं नुकसान झालं. तुला वाटेल, विमा एक नव्वदचा आहे, चाळीस तर मिळतीलच. मिळतात वीस. उरलेल्या निम्म्याचा विमाकार तू स्वतःच, असं धरतात. किंमत कमी सांगून हप्ता वाचवणारा प्रत्येक मोडतोडीत त्या प्रमाणात कापला जातो.

पूर्ण किमतीवर तीन टक्के म्हणजे अकरा हजार चारशे, वर जीएसटी. काकांनी ओळखीतून एका विमा कंपनीकडून एका फेरीची पॉलिसी काढून दिली, ती करासकट साडेतीन हजारांच्या आत. पण तिचाही कागद त्यांनी मला ओळ न ओळ वाचायला लावला. अंतर्देशीय वाहतुकीच्या विम्याला ए, बी आणि सी अशी कलमं असतात. सीमध्ये जवळपास फक्त आग आणि वीज. बीमध्ये त्यावर गाडीची टक्कर, उलटणं, पूल कोसळणं असे अपघात. ए सगळ्यात रुंद, पण त्यालाही अपवाद : पॅकिंगच कच्चं असेल तर नाही, उशिरानं झालेलं नुकसान नाही. दागिने, रोकड, कागदपत्रं आमच्या पॉलिसीत नाहीत. आणि एक जो मला आधी पटेना : बाहेरून पोचा नाही, ओरखडा नाही, पण वॉशिंग मशीन चालू होत नाही, तर तेही नाही. धक्का बसल्याची खूणच नसेल तर मशीन वाटेत बिघडलं की आधीपासून बिघडलेलं, हे कोण सांगणार? म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टीव्ही, फ्रीज, मशीन, एसी चालू करून व्हिडिओ काढले. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम प्रवासात आत आपटू नये म्हणून मागून बोल्ट लावतात, ते आईनं मशीन आलं त्या दिवसापासून बांगड्यांच्या डब्यात जपले होते. अख्ख्या शिफ्टिंगमध्ये एवढी एकच गोष्ट शोधावी लागली नाही.

आम्ही ए घेतलं. त्यात प्रत्येक दाव्यातली पहिली एकोणीसशे रुपयांची वजावट आमच्या माथी.

तर अशा तयारीनं मी त्या सकाळी उभी होते, आणि सुपरवायझर 'ओल्ड, स्क्रॅच' लिहीत होता. तो रकाना भरण्याचा अर्थ आता समजत असेल. सही तुमची घेतात. पुण्याला कपाट चेपलेलं निघालं तर यादी सांगते, ते नागपुरातच तसं होतं, तुम्हीच कबूल केलंय. हे वाहतूकदाराविरुद्धही लागू आणि विमा कंपनीसमोरही. मी त्याला म्हटलं, भाऊ, जिथे ओरखडा आहे तिथे कुठे आहे ते लिहा, जिथे नाही तिथे 'चांगले' लिहा. तो वैतागला. "असं लिहित बसलो तर रात्र होते ताई." होऊ दे, म्हटलं, पोहे करते. मग आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन घरभर फेरी मारली. पलंगाच्या डाव्या पायावर चीर, लिहा. सोफ्याचा हात उसवलेला, लिहा. डायनिंग टेबलावर गरम भांड्याचा गोल डाग, मी सातवीत असताना पाडलेला, तोही लिहिला. कपाटापुढे आलो तेव्हा आई खुर्चीतून उठून आली. त्यानं दार उघडलं, मिटलं, आरशाच्या कडांवरून बोट फिरवलं आणि लिहिलं : 'चांगले. आरसा अखंड.' अर्ध्या तासात त्याचा वैताग गेला होता आणि तो स्वतःच दाखवत होता, "हे पाहा, इथं गंजलं आहे, लिहू?"

पोरांचं काम मात्र बघत राहावं असं. नागपुरी जुलैचा दमट उकाडा, पंखे उतरवलेले, आणि ती चौघं कागदाचे बोळे करत चिनी मातीच्या बरण्यांच्या पोटात आधी भरत, मग बाहेरून. लोणचं आम्ही आधीच काढून शेजारी वाटलं होतं. तेलाचं, द्रवाचं काही न्यायचं नाही, एक बरणी फुटली की खालची सहा खोकी जातात. ताटं आडवी रचत नाहीत, उभी ठेवतात, पुस्तकांसारखी. आणि पुस्तकं लहान खोक्यांत, मोठ्या खोक्यात भरली तर खोकं उचललं की तळ खाली राहतो. कपाटाला फोम, त्यावर पुठ्ठा, त्यावर ताणून प्लॅस्टिकची फिल्म. आरशावर आडवीतिडवी टेप. लाकडी चौकट लावा म्हटलं तर सुपरवायझर म्हणाला, ती फक्त टीव्हीला दरात धरली आहे. तिथे मी मान्य केलं. सिलिंडर न्यायचाच नसतो. तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घेतला होता. पाटा-वरवंटा सगळ्यात शेवटी, बारदानात, चाकांच्या वरच्या जागी.

गाडी समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगर आणि तिथून अहिल्यानगरमार्गे आली. आमच्या सोसायटीत शिफ्टिंग रविवारी चालत नाही आणि संध्याकाळी सहानंतर लिफ्ट देत नाहीत, ते मी आधीच कळवलं होतं. तरी वाघोलीच्या अलीकडे दिवसा मोठ्या गाड्या अडवतात तिथे तो तास-दोन तास अडकला आणि वॉचमननं जे व्हायचं ते तोंड केलं. सामान वर येऊ लागलं. मी यादी घेऊन दारात, आलेला नंबर खुणेनं काढत. सगळे नंबर आले. कपाटावरची फिल्म कापली तेव्हा आरशाच्या खालच्या कोपऱ्यातून वर गेलेली चीर दिसली.

ड्रायव्हर म्हणाला, हे जुनंच असेल. मी यादी पुढे केली. 'चांगले. आरसा अखंड.' नागपूरची सही, नागपूरचा आदल्या रात्रीचा फोटो. मग डिलिव्हरीच्या प्रतीवर 'कपाटाचा आरसा तडकलेला मिळाला' असं लिहून त्याची सही घेतली. कोऱ्या प्रतीवर 'सामान नीट मिळाले' अशी सही देऊन नंतर फोन करणाऱ्यांचं काय होतं, ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये मी बघितलं आहे.

आरसा बसवायला काचवाल्यानं तेराशे सांगितले. विम्याची वजावट एकोणीसशे. म्हणजे एवढा अभ्यास करून काढलेल्या पॉलिसीतून शून्य मिळणार होतं. दादा फोनवर हसला. पण ती पॉलिसी आरशासाठी नव्हतीच. समृद्धीवर मध्यरात्री ड्रायव्हरला डुलकी लागली असती तर, त्यासाठी ती होती. आरशासाठी मी वेगळी सोय ठेवली होती : एकूण बिलातले वीस टक्के सामान उतरल्यावर, असं ठरलं होतं, आणि ते अजून माझ्याकडे होते. पॅकिंगवाले बहुतेक सगळे पैसे गाडी भरल्यावर मागतात. दिले नाहीत तर गाडी हलणार नाही म्हणतात. त्यासाठीच हे कामाच्या आधी, लेखी, ठरवावं लागतं. मी मालकाला फोन केला, फोटो आणि शेरा पाठवला. तो अर्धा तास कुरकुरला, मग म्हणाला, "तेराशे कापून पाठवा, पण ताई, रिव्ह्यू चांगला लिहा." तीन टक्क्यांच्या ओळीवर अकरा हजार भरून बसले असते तर याच तेराशेसाठी मला त्याच्याकडे अर्ज करावा लागला असता.

आरसा आठवड्यानं बसला. आईनं समोर उभं राहून पदर सारखा केला, जरा बाजूला सरकून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "पुण्याची काच बरी आहे वं, माणूस बारीक दिसते." मग विचारलं, या आरशाचे पैसे त्या यादीतल्या किमतीत वाढवायचे राहिले का?